मुलांच्या फीची वजावट: पावतीतली नेमकी कोणती रक्कम धरायची?

दर जानेवारीत आमच्या ऑफिसात गुंतवणुकीचे पुरावे जमा होतात. मी पगारपत्रकाच्या टेबलावर असल्याने त्या फायली माझ्याकडे येतात. सगळ्यात जास्त घोळ असतो तो मुलांच्या फीच्या पावत्यांमध्ये. विम्याची पावती सरळ असते, हप्ता किती हे तिथे लिहिलेलं असतं. शाळा-कॉलेजच्या पावतीवर मात्र सहा-सात ओळी असतात, खाली एकूण रक्कम असते आणि बहुतेक पालक ती खालची रक्कम उचलून फॉर्मवर लिहितात. तीच चूक असते.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. आयकर कायद्याच्या कलम 80सी मध्ये मुलांच्या शिक्षणासाठी भरलेल्या ट्यूशन फीची वजावट मिळते. त्याच वाक्यात पुढे स्पष्ट म्हटलं आहे की विकास शुल्क, देणगी किंवा तशा स्वरूपाची कुठलीही रक्कम यात धरायची नाही. शिक्षण पूर्णवेळ हवं, संस्था भारतात असावी आणि एका करदात्याला दोनच मुलांची फी दाखवता येते. प्ले-स्कूल आणि नर्सरीही पूर्णवेळ शिक्षणातच मोडतात. सावत्र किंवा दत्तक मूलही चालतं. स्वतःच्या, बायकोच्या किंवा धाकट्या भावाच्या शिक्षणाची फी मात्र चालत नाही, कितीही खऱ्या पावत्या असल्या तरी.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, 2025 लागू झाला आणि हीच वजावट तिथे कलम 123 मध्ये गेली. कमाल मर्यादा तीच, दीड लाख. मी इथे 2025-26 या आर्थिक वर्षाचा हिशेब मांडतो आहे, तो जुन्याच कायद्याने होतो, म्हणून 80सी हेच नाव वापरतो.

आता ती दीड लाखाची मर्यादा. ती एकट्या फीसाठी नाही. पगारातून कापला जाणारा पीएफ, एलआयसीचा हप्ता, पीपीएफ, गृहकर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल, हे सगळं त्याच दीड लाखात बसवायचं. ज्यांचा पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापला जातो आणि शिवाय घराचं कर्ज चालू आहे, त्यांची मर्यादा बहुतेक वेळा फीच्या आधीच भरलेली असते. त्यांच्यासाठी फीच्या पावत्यांचा काहीच उपयोग नसतो. म्हणून पावत्या गोळा करण्याआधी आपल्याकडे किती जागा उरली आहे हे मोजावं.

आणि त्याच्याही आधी एक प्रश्न. ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. 2023-24 पासून नवी करपद्धत आपोआप लागू होते, आपण काही सांगितलं नाही तर नवीच धरली जाते आणि तिथे 80सी नाही. 2025-26 साठी नव्या पद्धतीत पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट आहे आणि त्यानंतर 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. म्हणजे वर्षाचा एकूण पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल, तर फीची वजावट घ्यायचा विचारच सोडून द्यावा. कर मुळातच शून्य आहे, त्यातून आणखी काय वाचवणार? तरीही अशी माणसं दरवर्षी माझ्याकडे पावत्यांचं पाकीट घेऊन येतात आणि मी त्यांना ते परत घरी न्यायला सांगतो.

मग फायदा होतो तरी कुणाला? एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, आकडे मी बेतलेले आहेत पण मांडणी रोजच्या कामातली आहे.

समजा मुंबईत नोकरी करणारे एक गृहस्थ आहेत. वर्षाचा पगार 18 लाख. मूळ पगार 9 लाख, घरभाडे भत्ता साडेचार लाख, भाडं महिन्याला 42 हजार. मुंबईतच राहतात. भाड्याची करमुक्त रक्कम काढताना वर्षाच्या 5,04,000 भाड्यातून मूळ पगाराचे 10 टक्के, म्हणजे 90 हजार, वजा करायचे, येतात 4,14,000. मिळालेला भत्ता आणि मूळ पगाराचा निम्मा भाग हे दोन्ही साडेचार लाख आहेत, सगळ्यात कमी आकडा 4,14,000 म्हणून तोच करमुक्त. शिवाय 50 हजार प्रमाणित वजावट, 2,500 व्यवसाय कर, स्वतःच्या कुटुंबाचा आणि साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा मिळून 75 हजार आरोग्य विमा आणि एनपीएसमध्ये जास्तीचे 50 हजार. हे सगळं वजा केल्यावर उरतात 12,08,500. आता यातून 80सी जायची आहे.

त्यांच्या कंपनीत पीएफ 15 हजारांच्या मर्यादेवर कापला जातो, म्हणजे महिन्याला 1,800 आणि वर्षाला 21,600. एलआयसीचा हप्ता 30 हजार. दोन्ही मिळून 51,600. दीड लाखातून हे गेले की जागा उरते 98,400.

आता पावत्या काढू. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या पावतीवर ट्यूशन फी 58,000, विकास शुल्क 5,800, परीक्षा आणि विद्यापीठाचे शुल्क 3,200 आणि परत मिळणारी अनामत 5,000, असे एकूण 72,000 आहेत. मुलगी शाळेत आहे. तिची वर्षभराची शिक्षण फी 24,000, टर्म फी 4,000, संगणक 3,000, स्नेहसंमेलन आणि क्रीडा 1,800, बस 15,000, असे एकूण 47,800. दोन्ही मिळून खिशातून 1,19,800 गेले.

इथेच पालकांचा हात घाईने पुढे जातो. जागा 98,400 ची आहे, भरलेत 1,19,800, म्हणजे जागा पूर्ण भरली, लिहा दीड लाख! पण वजावटीला पात्र आहेत फक्त 58,000 आणि 24,000, म्हणजे 82,000. बाकीचे 37,800 पालकाने खरोखरच भरले, ते शाळा-कॉलेजातच गेले, तरी कायद्याच्या भाषेत ती ट्यूशन फी नाही. 80सीचा खरा आकडा होतो 1,33,600.

कर काढून बघू. 12,08,500 मधून 1,33,600 गेले की 10,74,900 उरतात. त्यावर जुन्या पद्धतीने कर 1,34,970 आणि 4 टक्के उपकर धरून साधारण 1,40,370. नव्या पद्धतीत याच माणसाचे 18 लाखांतून 75 हजार जाऊन 17,25,000 उरतात आणि कर उपकरासह 1,50,800 होतो. म्हणजे जुनी पद्धत घेतली तर 10,430 रुपये वाचले. आणि फी दाखवलीच नसती तर? जुन्या पद्धतीत कर सुमारे 1,65,950 झाला असता, नव्यापेक्षा जास्त. या घरात जुनी पद्धत परवडते ती केवळ या दोन पावत्यांमुळे.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. 82,000 वर 30 टक्क्यांनी आणि उपकराने हिशेब केला तर 25,500 च्या वर वाचल्यासारखे वाटतात. खरे वाचलेले पैसे 10,430 आहेत, कारण फी नसती तर हा माणूस नव्या पद्धतीत गेलाच असता. त्यामुळे "फीवर 30 टक्के सुटतात" असं कुणी सांगितलं, तर दोन्ही पद्धतींचा कर शेजारी शेजारी मांडल्याशिवाय ते मानू नका. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर करगणक आहे, त्यात दोन्ही आकडे पाच मिनिटांत निघतात.

आता पावतीकडे परत येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

मुलीच्या पावतीवरची टर्म फी मी धरली नाही. काही सल्लागार ती धरतात, शाळेत बसण्याचीच ती फी आहे असं त्यांचं म्हणणं. माझं मत सरळ आहे: पावतीवर शिक्षण शुल्क किंवा ट्यूशन फी असं लिहिलेली ओळच धरावी. चौकशी झाली तर समोरचा अधिकारी आपली पावती वाचणार आहे, आपला युक्तिवाद नाही. चार हजारांवर या माणसाचे जेमतेम साडेबाराशे वाचले असते. तेवढ्यासाठी वाद अंगावर घेऊ नये.

आमच्याकडे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या खासगी कॉलेजांच्या पावतीवर ट्यूशन फी आणि विकास शुल्क वेगळं दाखवलेलं असतं, त्यामुळे तिथे गोंधळ कमी होतो. खरी अडचण छोट्या शाळांची आणि प्ले-स्कूलची. तिथे पावतीवर एकच ओळ असते: फी, इतके रुपये. त्यात बस आहे, खाऊ आहे, वार्षिक संमेलन आहे, की काहीच नाही, कळत नाही. अशा वेळी शाळेकडून वर्षभराच्या फीचा दाखला मागावा. त्यावर विद्यार्थ्याचं नाव आणि इयत्ता, पालकाचं नाव, 1 एप्रिल ते 31 मार्च या काळात मिळालेली रक्कम, ती कोणत्या कोणत्या बाबींची आहे याची फोड, तारखा, पावती क्रमांक आणि शिक्का-सही इतकं असलं की पुरे. बहुतेक शाळांच्या कार्यालयात असा नमुना तयार असतो, मागितला की लगेच देतात. मार्च उजाडेपर्यंत थांबलात तर परीक्षेच्या गर्दीत कुणी लक्ष देत नाही, म्हणून दिवाळीनंतर शाळा सुरू झाली की अर्ज टाकून ठेवावा आणि मार्चमध्ये शेवटचा हप्ता भरला की दाखला उचलावा.

अकरावी-बारावीच्या पालकांशी मला थोडं जास्त बोलायचं आहे. आता अनेक ठिकाणी ज्युनिअर कॉलेज आणि क्लास यांची मोट बांधलेली असते, ज्याला इंटिग्रेटेड म्हणतात. फी दीड-दोन लाख असते आणि पालक मोठ्या आशेने ती पूर्ण लिहून आणतात. पण क्लासची फी या वजावटीत येत नाही, मग ती जेईईची असो, नीटची असो की घराजवळच्या गणिताच्या शिकवणीची. बहुतेक वेळा कॉलेजची पावती वेगळी असते, तिच्यावर काही हजारच असतात आणि उरलेली मोठी रक्कम क्लासच्या नावाने असते, तिच्यावर जीएसटी लावलेला असतो. पावतीवर जीएसटी दिसला की ती धरण्याआधी थांबावं: मान्यताप्राप्त शाळा-कॉलेज नेहमीच्या शिक्षणाच्या फीवर जीएसटी लावत नाही. दूरस्थ शिक्षण किंवा मुक्त विद्यापीठाचा बाहेरून केलेला अभ्यासक्रमही पूर्णवेळ नसतो, त्यामुळे तोही यात बसत नाही. मुलगी जर्मनीला शिकायला गेली असेल तर तिची फी नाही, कारण संस्था भारतात नाही. उलट दुबईत नोकरी करणाऱ्या पालकाचं भारतात करपात्र भाडं येत असेल आणि मुलगा पुण्यात शिकत असेल, तर जुन्या पद्धतीत त्याला ही वजावट मिळू शकते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची सवलत वेगळ्या कलमात आहे, ती या दीड लाखात मिसळू नये.

शिष्यवृत्तीचं काय? राज्याच्या शिष्यवृत्तीत ट्यूशन फीचा काही भाग सरकार भरतं. कॉलेजच्या फीच्या तक्त्यावर पूर्ण रक्कम असते आणि पालकाने प्रत्यक्षात निम्मीच भरलेली असते. धरायची ती आपण भरलेली निम्मी. प्रवेश एका कॉलेजात घेऊन नंतरच्या फेरीत दुसरीकडे गेलात आणि पहिल्याने फी परत केली, तर परत आलेली रक्कमही धरता येत नाही. हे लिहिताना मला एक गृहस्थ आठवतात, त्यांच्याकडे एकाच मुलाच्या दोन कॉलेजांच्या पावत्या होत्या, दोन्ही खऱ्या होत्या, आणि पहिलीचे पैसे ऑगस्टमध्येच बँकेत परत आले होते. त्यांनी जाणूनबुजून काही केलं नव्हतं, पाकिटात दोन्ही पावत्या होत्या म्हणून दोन्ही जोडल्या एवढंच. आम्ही बँकेचं पासबुक मागितलं तेव्हा लक्षात आलं.

तारखेबद्दलही घोळ होतो. इथे शैक्षणिक वर्ष बघायचं नाही, पैसे कधी भरले ते बघायचं. मार्च 2026 मध्ये पुढच्या जूनपासूनच्या वर्गाचा पहिला हप्ता भरला, तर तो 2025-26 मध्येच येतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरला, तर पुढच्या वर्षात. मागच्या वर्षाची थकलेली फी यंदा भरली, तरी तीही यंदाच. त्यावर लागलेला दंड किंवा ऑनलाइन भरताना कापलेला सुविधा शुल्क ट्यूशन फी नाही. जानेवारीत ऑफिसला पुरावे देताना मार्चचा हप्ता भरलेला नसतोच, त्यामुळे फॉर्म 12बीबी मध्ये तो दाखवता आला नाही म्हणून काळजी करू नये. ती रक्कम विवरणपत्र भरताना थेट तिथे घालता येते, जास्त कापलेला कर परत मिळतो.

मात्र विवरणपत्र मुदतीत भरलंच पाहिजे. जुनी पद्धत निवडण्याचा पर्याय मूळ मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच मिळतो. ज्यांचं धंद्याचं उत्पन्न नाही अशा पगारदारांनी विवरणपत्रातच नव्या पद्धतीतून बाहेर पडायचं उत्तर निवडायचं, वेगळा फॉर्म लागत नाही. मुदत उलटली की नवीच पद्धत, आणि मग वरच्या उदाहरणातले 10,430 गेले, पावत्या कितीही नीट लावलेल्या असोत.

नवरा-बायको दोघेही जुन्या पद्धतीत कर भरत असतील, तर दोघांना स्वतंत्र मर्यादा आहे. दोन मुलांची अटही प्रत्येकाला वेगळी लागते, त्यामुळे तीन मुलं असतील तर एकाने दोन आणि दुसऱ्याने एक असं विभागता येतं. एकच रुपया दोघांनी दाखवायचा नाही. आणि वाटणी नंतर कागदावर करायची नाही, ज्याने भरले त्यानेच दाखवायचं. पावतीवर मुलाचं नाव असतं, पैसे कुणाच्या खात्यातून गेले ते बँकेचा उतारा सांगतो. म्हणून मी ओळखीच्या जोडप्यांना सांगतो की वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, मुलाची फी बाबांच्या खात्यातून, मुलीची आईच्या. आजोबांनी हौसेने नातवाची फी स्वतःच्या खात्यातून भरली, तर ती वजावट ना आजोबांना मिळते ना बाबांना. त्यांना द्यायचेच असतील तर बाबांच्या खात्यात द्यावेत आणि फी तिथून जावी.

विवरणपत्रासोबत कुठलाही कागद जोडावा लागत नाही, म्हणून लोक पावत्या टाकून देतात. तसं करू नका. 80सीच्या तक्त्यात आता प्रत्येक रकमेसमोर कागदपत्राचा क्रमांकही विचारला जातो, तेव्हा पावती क्रमांक हाताशी लागतोच. साध्या प्रकरणात जुनं वर्ष पुन्हा उघडण्याची नोटीस करनिर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या पुढचं आर्थिक वर्ष, संपल्यावर सव्वातीन वर्षांपर्यंत येऊ शकते. 2025-26 च्या कमाईसाठी ही तारीख 30 जून 2030 पर्यंत जाते. करातून निसटलेली रक्कम पन्नास लाखांची किंवा त्याहून मोठी असेल तर आणखी दोन वर्षं. मी घरी सात वर्षांच्या पावत्या ठेवतो, त्यात सगळं बसतं.

ठेवायचं काय, तर बाबनिहाय फोड असलेली पावती किंवा दाखला, पैसे गेले त्या दिवसाचा बँकेचा उतारा आणि फी परत आली असेल तर त्याचा कागद. फोनवर आलेला "पेमेंट यशस्वी" असा संदेश म्हणजे पावती नव्हे, त्यावर ट्यूशन फी किती हे लिहिलेलं नसतं. शाळेच्या ॲपवरून पावती त्याच दिवशी उतरवून घ्यावी, कारण मूल शाळा सोडून गेलं की ते खातं बंद होतं आणि तीन वर्षांनी ती पावती मिळवायला परत शाळेच्या दारात उभं राहावं लागतं. फीच्या खिडकीवर यंत्रातून निघालेली गुळगुळीत कागदाची पावती मिळाली तर त्याच आठवड्यात तिची झेरॉक्स काढा. माझ्याच फायलीत मुलाच्या पाचवीच्या अशा दोन पावत्या आहेत. दोन्ही आता कोऱ्या पांढऱ्या आहेत, फक्त एका कोपऱ्यात शाळेचा निळा शिक्का तेवढा उरला आहे.

आणि तो वरचा मोह, 82,000 ऐवजी 98,400 लिहिण्याचा? जास्तीच्या 16,400 वर साधारण 5,117 रुपये कर वाचतो. चौकशीत खोटी माहिती दिली असं ठरलं तर कर आणि व्याजाशिवाय त्या कराच्या दुप्पट, म्हणजे दहा हजारांवर दंड लागू शकतो. कुणाच्या फायलीत असा आकडा चुकून गेलाच असेल, तर नोटीसची वाट न बघता सुधारित विवरणपत्र भरून तो दुरुस्त करता येतो. त्याची मुदत निघून गेली असेल तर जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्राची वाट करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षं खुली असते.